हिराकस आणि चहा

औषध घेणे आणि औषध अंगी लागणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, हे मला लोहाच्या गोळीने जितके पटवून दिले तितके दुसऱ्या कोणत्याच औषधाने दिले नाही. तापाची गोळी बिचारी साधी. केव्हाही घ्या, कशाबरोबरही घ्या, तासा-दोन तासांत घाम फुटून अंग हलके होते. लोहाच्या गोळीचे मात्र जावयासारखे आहे. तिला वेळ पाहून बोलवावे लागते, पंक्तीला शेजारी कोण बसले आहे हे पाहावे लागते, आणि मानपानात जरा कमीजास्त झाले की ती आली तशी निघून जाते. घरच्यांना वाटते, पाहुणा जेवून तृप्त झाला. प्रत्यक्षात त्याने घासही घेतलेला नसतो!

एका जिल्ह्याच्या गावी सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीशी मी ३१ वर्षे बसले. त्या खिडकीतून लाल गोळ्यांची किती पाकिटे माझ्या हातून गेली असतील याची गणती नाही. गोळ्या दिवसातून किती, एवढे सगळेजण विचारीत. कधी घ्यायच्या, हे दहांतला एखादा विचारी. आणि कशाबरोबर घ्यायच्या नाहीत, हे तर मी आपण होऊन सांगितले नाही तर कुणी विचारीतच नसे. पुढे रांग हलायची घाई, मागे कडेवरच्या मुलाचे रडणे, मीही जितके सांगता येई तितके एका वाक्यात सांगे: "बाई, चहाबरोबर घेऊ नका हं!" त्या मान डोलवीत. त्या मानेचा अर्थ काय, हे मला निवृत्त झाल्यावर आमच्या घरातच नीट कळले.

आमची धाकटी भावजय सत्तेचाळीस वर्षांची. दोन वर्षे तिच्या अंगावरून फार जात होते. तपासणीत गर्भाशयात गाठी निघाल्या आणि शस्त्रक्रिया ठरली. पण रक्त तपासले तो हिमोग्लोबिन ८.३! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दहाच्या वर गेल्याशिवाय मी हात लावणार नाही. तोवर रक्तस्राव आवरायच्या गोळ्या घ्या, आणि ही लोहाची गोळी रोज एक." गोळीत १०० मिलिग्रॅम लोह. भावजय मोठी नेमाची बाई. तिने तीन महिन्यांत एक दिवस चुकवला नाही; रिकामी पाकिटेसुद्धा मोजून जपून ठेवली होती. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले, तर आकडा ८.५.

घरात सन्नाटा पसरला. आमचा धाकटा म्हणू लागला, "गोळ्याच बनावट असल्या पाहिजेत." डॉक्टरीणबाईंनी शिरेतून लोह देण्याची गोष्ट काढली. तो उपायही चांगलाच आहे. पण आधी गोळी का लागू पडली नाही हे पाहावे, असेही त्या म्हणाल्या. हे पाहायचे काम आपसूक माझ्याकडे आले.

मी प्रथम कागदावर एक हिशेब मांडला. वाचकांनीही तो एकदा मांडून पाहावा, फार सोपा आहे. मध्यम बांध्याच्या बाईच्या अंगात सुमारे चार लिटर रक्त असते. हिमोग्लोबिनचा आकडा एकाने वाढायचा म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तात एक ग्रॅमची भर पडायची. चार लिटरांत ती झाली ४० ग्रॅम. एक ग्रॅम हिमोग्लोबिन तयार व्हायला लोह लागते अवघे ३.४ मिलिग्रॅम. म्हणजे एका आकड्याला लोह लागले सुमारे १३६ मिलिग्रॅम, आणि ८.५ वरून १० वर जायला दोनशेच्या आसपास. दोनशे मिलिग्रॅम म्हणजे किती? दोन गोळ्या! आणि भावजयीने गिळल्या होत्या नव्वद. नऊ हजार मिलिग्रॅम लोह पोटात गेले आणि त्यातले दोनशेही पदरात उरले नाही. थोडे दरमहा वाहून गेले असेल हे खरे. पण रक्तस्राव आता पुष्कळच आवरला होता. तेव्हा गळती बाहेर जाण्याच्या वाटेवर नव्हती, आत येण्याच्या वाटेवर होती.

"तू गोळी घेतेस केव्हा?" मी विचारले.

"साडेतीनला, वन्सं. दुपारच्या चहाबरोबर. नुसत्या पाण्याने घशाशी अडकल्यासारखी होते. आणि रिकाम्या पोटी औषध घेऊ नये असे सासूबाई म्हणत, म्हणून आधी दोन बिस्किटे खाते. कॅल्शियमची गोळीही तेव्हाच घेते. एकदाच काय ती कटकट."

साडेतीन, बिस्किटे, चहा आणि कॅल्शियम! लोहाच्या गोळीचे जितके म्हणून वैरी, ते सगळे तिने एकाच बशीत गोळा केले होते, आणि तेही अगदी मनोभावे.

तिला शब्दांनी पटेना, म्हणून मी एक प्रयोग करून दाखवला. कपाटात जुन्या सरकारी लाल गोळ्यांचे एक पाकीट पडले होते. त्यातल्या एका गोळीचे लाल कवच खरवडून मी आतला भाग कुटला आणि वाटीभर कोऱ्या चहात टाकला. चहाचा तांबूस रंग बघता बघता काळवंडला, आणि पाच-दहा मिनिटांत वाटीत चक्क शाई तयार झाली. भावजय डोळे विस्फारून पाहत राहिली.

यात जादू काही नाही. त्या गोळीतले लोह म्हणजे आपला जुना हिराकसच. आपल्याकडे पोथ्या लिहिणारे लोक शाई करीत ती हिरडा आणि हिराकस एकत्र करून. हिरड्यात तुरट द्रव्य असते, त्याला टॅनिन म्हणतात. ते लोहाला असे घट्ट मिठी मारते की दोघांचे मिळून काळे, न विरघळणारे संयुग बनते. चहातही त्याच घराण्यातली तुरट द्रव्ये आहेत. म्हणजे भावजय रोज साडेतीन वाजता पोटात शाई करीत होती, आणि शाई आतड्यातून रक्तात शिरत नाही. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पाव, भात आणि हिराकसाचे पाणी अशा निरनिराळ्या रूपांत लोह देऊन हेच तपासले होते. चहा बरोबर असला की प्रत्येक वेळी लोहाचे शोषण घटले. क जीवनसत्त्व जोडीला दिले तरी घटलेच. तेव्हा चहात लिंबू पिळून घेतला की भागले, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कॉफी तरी बरी का? तीही नव्हे. २०२३ साली झ्युरिचमध्ये लोह कमी असलेल्या ३४ बायकांवर फार नेटका अभ्यास झाला. गोळी तीच, १०० मिलिग्रॅम लोहाची. बदलले ते फक्त सोबतचे पेय, खाणे आणि वेळ. सकाळी नुसत्या पाण्याबरोबर घेतल्यावर जितके लोह अंगी लागले, त्याच्या निम्म्याहूनही कमी कॉफीबरोबर लागले. कॉफीच्या जोडीला न्याहारी घेतली तेव्हा दोन-तृतीयांश लोह वाया गेले, आणि त्या न्याहारीत संत्र्याचा रस असूनही गेले. आणि विशेष म्हणजे तीच गोळी तशाच पाण्याबरोबर सकाळऐवजी दुपारी घेतली, तेव्हा शोषण एक-तृतीयांशाहून अधिक घटले. दुपारी पाण्याने काय पाप केले होते?

पाप पाण्याचे नव्हे, वेळेचे. लोह अंगात शिरते ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागातून. त्या दारावर यकृताने आपला एक द्वारपाल बसवला आहे. त्याचे नाव हेप्सिडिन. हे द्रव्य शास्त्रज्ञांना या शतकाच्या सुरुवातीला गवसले. लोह शरीराला हवे असले तरी जास्त झाले तर विषच, आणि आलेले जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. म्हणून सगळा बंदोबस्त दारातच. हेप्सिडिन वाढले की दार लोटले जाते, घटले की उघडते. सकाळी ते कमी असते आणि दिवस चढेल तसे वाढत जाते. म्हणून सकाळची वेळ चांगली. शिवाय मोठी गोळी एकदा आत गेली की हा द्वारपाल सावध होतो आणि सुमारे चोवीस तास दार पुढे करून ठेवतो. अंगात ताप किंवा कुठे सूज असली तरी तो असाच वागतो. तापाच्या दिवसांत घेतलेली गोळी फारशी कामी येत नाही ती यामुळेच.

हे ऐकून आमच्या धाकट्याला युक्ती सुचली. "मग सकाळी एक आणि रात्री एक, अशा दोन गोळ्या देऊ. दुप्पट काम होईल!" मी म्हटले, "अरे, सकाळच्या गोळीने दार लोटलेले असते. रात्रीची गोळी येऊन नुसती दार ठोठावणार आणि पोट तेवढे बिघडवणार." उलट एक दिवस आड गोळी घेतली तर प्रत्येक गोळीतले लोह अधिक लागते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चाळीस बायकांना ६० मिलिग्रॅमच्या चौदा गोळ्या दिल्या. निम्म्या जणींना रोज, निम्म्या जणींना एक दिवस आड. रोज घेणाऱ्यांना गोळीतले सुमारे १६ टक्के लोह लागले, दिवसाआड घेणाऱ्यांना सुमारे २२ टक्के.

पण येथे एक मेख आहे, ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दिवसाआड चौदा गोळ्या संपायला दिवस लागतात अठ्ठावीस. दर गोळीमागे फायदा झाला तरी दर दिवसामागे होतोच असे नाही. ज्याला घाई नाही, किंवा ज्याचे पोट रोजच्या गोळीने बिघडते, त्याला एक दिवस आडचा नेम उत्तम. आमच्याकडे तर शस्त्रक्रिया खोळंबली होती. म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोळी रोज एकच ठेवली, फक्त वेळ बदलली. गरोदर बायकांनीही डॉक्टरांनी रोज सांगितली असेल तर रोजच घ्यावी. आपल्या मनाने दिवस गाळू नयेत.

झाले, नवा नेम ठरला. सकाळी सहाला उठल्यावर चूळ भरून गोळी घ्यायची, पेलाभर पाण्याबरोबर. लगेच वर अर्धा पेरू. पेरू अशासाठी की क जीवनसत्त्व लोहाला विरघळलेल्या स्थितीत ठेवते. झ्युरिचच्या अभ्यासात ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्वाने शोषण जवळजवळ एक-तृतीयांशाने वाढले, आणि ५०० मिलिग्रॅम दिले तरी त्याहून अधिक वाढले नाही. अर्ध्या पेरूत ८० मिलिग्रॅम सहज असते. एका लिंबाच्या रसात त्याचा पाव हिस्साच. आवळा का नको, असे भावजयीने विचारले. आवळ्यात क जीवनसत्त्व भरपूर हे खरे, पण तो तुरटही असतो. लोखंडी कढईत शिजवलेला आवळा काळाकुट्ट पडतो हे तिने स्वतःच पाहिले होते. तिला पुढे काही सांगावे लागले नाही. अर्थात पेरूविना अडते असेही नाही. मोठ्या संख्येने रोग्यांना गोळीबरोबर क जीवनसत्त्व देऊन पाहिले, तेव्हा नुसती गोळी घेणाऱ्यांपेक्षा हिमोग्लोबिन काही विशेष जास्त चढले नाही. बाजारात पेरू नसेल तर पाणी पुरे. चहा दूर ठेवणे हे पेरू जवळ आणण्यापेक्षा मोठे काम आहे.

आणि खरी लढाई तेथेच झाली. "सकाळी उठून चहा नाही? वन्सं, त्यापेक्षा शस्त्रक्रियाच नको!" मी म्हटले, "अगं, चहा सोडायचा नाही, सरकवायचा. सहाचा चहा साडेसात-आठला घे. त्यात आलेही जास्त घाल." गोळी आणि चहा यांत किमान एक तास हवा, दोन असले तर उत्तम. न्याहारीलाही तेवढाच अवकाश द्यावा, कारण पोळी, भाकरी, पोहे, डाळी यांत फायटेट नावाचे द्रव्य असते, तेही लोहाला धरून ठेवते. कॅल्शियमची गोळी रात्रीच्या जेवणानंतर गेली. तिची आणि लोहाची एका वेळी गाठ पडू देऊ नये. दूधही त्याच जातीचे.

हा सगळा शोध चालू असताना आणखी एक चोर सापडला. भावजय सकाळी उठून पित्ताची एक गोळी घेत असे. वर्षापूर्वी जळजळ होत होती तेव्हाची. जळजळ गेली, गोळी राहिली. पोटातले आम्ल लोहाला विरघळवते, आणि ही गोळी आम्लच आटवते. मी ती स्वतः बंद केली नाही. डॉक्टरीणबाईंना दाखवली आणि त्यांनी ती थांबवली. शेजारच्या आजींचा प्रकार उलटा. त्यांना थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते. लोह त्या गोळीलाही अडवते. दोन गोळ्यांत चार तासांचे अंतर हवे. म्हणून त्यांनी थायरॉइडची सहाला ठेवली, न्याहारी लवकर उरकली आणि लोहाची गोळी साडेदहाला घेऊ लागल्या. काही प्रतिजैविकांचेही लोहाशी असेच वैर असते. नवे औषध सुरू होताना "मी लोह घेते" हे एवढे शब्द डॉक्टरांपाशी उच्चारावेत.

पहिल्या आठवड्यात भावजयीला मळमळले. रिकाम्या पोटी पुष्कळांना मळमळते. तेव्हा पेरू आधी खाऊन मग गोळी घे म्हटले, आणि तेवढ्याने निभावले. न निभावते तर थोड्या खाण्याबरोबर घ्यायला सांगितले असते; लोह कमी लागेल, पण पाकिटातच राहिलेली गोळी तर मुळीच लागत नाही. शौचाचा रंग काळा झाला म्हणून ती एकदा घाबरली. तो न शोषलेल्या लोहाचा रंग, त्यात भय नाही. डांबरासारखे चिकट आणि फार दुर्गंधी असे काही दिसले, तर मात्र ते रक्त असू शकते. मग थांबू नये.

गोळी लागू पडते आहे की नाही हे ओळखायला तीन महिने वाट पाहावी लागत नाही. दोन ते चार आठवड्यांत आकडा एकाच्या आसपास चढला पाहिजे. भावजयीचा चार आठवड्यांनी ९.८ झाला आणि सहाव्या आठवड्याला १०.४. तीच गोळी, तीच बाई, तेच घर! धाकट्याने बनावट गोळ्यांची गोष्ट पुन्हा काढली नाही. सर्व वेळा सांभाळूनही आकडा हलत नसता, तर मग खिडकीवालीचे शहाणपण तेथे संपते. रक्त कुठे तरी अजून झिरपते आहे का, पोटात जंत आहेत का, ब-१२ कमी आहे का, की थॅलेसिमियाचा अंश आहे, हे डॉक्टरांनीच पाहायचे. कित्येकांना शिरेतूनच लोह द्यावे लागते, आणि द्यावे.

शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. घरी आल्यावर भावजय म्हणाली, "आता गोळी बंद ना?" हिमोग्लोबिन भरले म्हणजे हातातला पैसा आला, पेढीतली शिल्लक अजून रिकामीच असते. ती शिल्लक फेरिटिन या तपासणीत दिसते, आणि ती भरायला रक्त सुधारल्यावरही सुमारे तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. आता घाई नव्हती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी एक दिवस आडचा नेम लावून दिला. गोळ्यांचा डबा मात्र मी तिला उंच फडताळावर ठेवायला लावला. घरात नातवंडे आहेत, आणि त्या लाल, गुळगुळीत गोळ्या मुलांना खाऊसारख्या दिसतात. मोठ्यांच्या आतड्यात जे लोह मिनतवाऱ्या करून शिरते, त्याच्या मूठभर गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेततात.

आता भावजय दिवसाआड सहाला गोळी घेते आणि साडेसातला चहा. मधल्या दीड तासाचे काय करावे हा प्रश्न तिला पहिले काही दिवस पडला होता. हल्ली त्या वेळात ती शेजारणींना शाईचा प्रयोग करून दाखवते, असे ऐकते. आमच्या आळीतल्या पाच-सहा घरांचा सकाळचा चहा सध्या उशिरा होतो. पुरुषमंडळी कुरकुरतात, पण बायकांचे चेहरे पाहून गप्प बसतात.